फोटोवरून बिजागरी ओळखायची कशी? कपाटाच्या कप बिजागरीपासून कडी-कोयंड्यापर्यंत

“दादा, ही अशी बिजागरी दे,” एवढाच मजकूर आणि खाली एक फोटो. माझ्या मावसबहिणीने पाठवला होता. फोटोत कपाटाचं दार अर्धवट उघडं, आत चकचकीत पोलादाचं काहीतरी, त्यावर फ्लॅशचा पांढरा डाग आणि मागे साड्यांचा ढीग. बिजागरी कोणत्या जातीची आहे ते मला लगेच कळलं. तिच्या मापाची दुसरी आणायला मात्र त्या फोटोत काहीही नव्हतं. त्यातून ती आधीच एकदा फसली होती: दिसायला हुबेहूब अशी बिजागरी तिने आणली, बसवली, आणि दार शेजारच्या दारावर आपटायला लागलं.

बिजागरीच्या बाबतीत हे नेहमी होतं. फोटोवरून जात कळते, पण एकाच जातीत चार मापं असतात आणि ती चारही एकमेकींसारखीच दिसतात. म्हणून फोटोतून काय वाचता येतं, काय मोजावं लागतं आणि मोजता येईल असा फोटो काढायचा कसा, हे क्रमाने सांगतो. सगळ्यात जास्त घोटाळा कपाटाच्या आत लपलेल्या कप बिजागरीत होतो, म्हणून मुख्य मुक्काम तिथेच आहे. बाकीच्या जाती वाटेत येतील.

पहिली पायरी: जात ठरवा

दार बंद करा आणि बाहेरून बघा. सांध्यात उभी नळी दिसते का? दिसत असेल तर ती साधी बिजागरी आहे: दोन पत्रे, त्यांना जोडणारी नळी आणि नळीतली खीळ. खोलीच्या दारांना बहुधा हीच असते. तीच बिजागरी दाराच्या पूर्ण उंचीभर लांब पट्टीसारखी असेल तर तिला पियानो बिजागरी म्हणतात. एक पत्रा आडवा, लांब आणि टोकाकडे निमुळता होत दारावर पसरलेला असेल तर ती टी बिजागरी. ती फाटकाला किंवा शेडच्या दाराला लावतात.

बाहेरून काहीच दिसत नसेल तर दार उघडून आतल्या बाजूला बघा. दाराच्या फळीत गोल खड्डा पाडून त्यात धातूचा वाटीसारखा भाग बसवलेला असेल आणि त्यातून एक हात निघून कपाटाच्या उभ्या फळीवर गेला असेल, तर ती कप बिजागरी. सुतार हिला ऑटो हिंज म्हणतात, कारण आतली स्प्रिंग दार शेवटच्या टप्प्यात स्वतः ओढून घेते. शेवटी दार हळू मिटवणारा दट्ट्या असेल तर तिला सॉफ्ट क्लोज किंवा हायड्रॉलिक म्हणतात.

साध्या बिजागरीचं फोटोतून निघणारं नाव सहसा पुरेसं असतं, फक्त तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. एक, पत्र्याची लांबी, म्हणजे नळीच्या दिशेने मोजलेली उंची. दोन, दोन्ही पत्रे पूर्ण उघडल्यावर नळीसकट होणारी एकूण रुंदी. लोक बंद बिजागरीची रुंदी मोजून कळवतात आणि मग निम्म्या रुंदीची बिजागरी हातात पडते. तीन, पत्र्याचे कोपरे चौकोनी आहेत की गोलाई दिलेले. चौकटीत पत्र्यापुरती खाच पाडलेली असते. गोल कोपऱ्याच्या खाचेत चौकोनी पत्रा छिन्नी चालवल्याशिवाय बसत नाही. उलट केलं तर पत्रा बसतो, पण चारही कोपऱ्यांत उघडं लाकूड दिसत राहतं.

नळीकडे आणखी एक नजर टाका. नळीचे तीन किंवा पाच तुकडे एकाआड एक गुंफलेले असतील तर ती बिजागरी कुठल्याही बाजूला चालते. नळीचे फक्त दोनच भाग असतील, खालच्यात खीळ पक्की आणि वरचा भाग तिच्यावर नुसता टोपीसारखा बसलेला, तर ते दार वर उचलून काढता येतं. ही बिजागरी डावी-उजवी असते. इथे “डावी पाहिजे” असं लिहू नका, कारण डावी कशाला म्हणायचं यावर विकणारे आणि घेणारे दोघेही घोळ घालतात. “नळी दिसते त्या बाजूला उभं राहिलं की नळी माझ्या उजव्या हाताला येते,” असं लिहा आणि त्याच जागेवरून काढलेला फोटो जोडा.

कडी-कोयंडा आणि खटके, थोडक्यात

कडी-कोयंड्याचा फोटो लोक कुलूप लटकत असताना काढतात, आणि नेमकं जे बघायचं ते कुलपाआड जातं. कुलूप काढून दोन फोटो काढा: एक पट्टी कोयंड्यावर बसलेली असताना आणि एक पट्टी उघडून मागे टाकलेली असताना. पहिल्यात बघायचं ते हे, की पट्टी बंद असताना स्क्रूची डोकी बाहेरून दिसतात का. दिसत असतील तर कुलूप न तोडता नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरने कडी निघते. म्हणजे ती कोठीच्या दाराला ठीक, बाहेरच्या दाराला नाही. दुसऱ्यात मापं घ्यायची: पट्टी जिथे वळते त्या खिळीच्या मध्यापासून तिच्या फटीच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि कोयंड्याच्या भोकातून कुलपाचा आकडा जाईल इतकी जागा आहे का. दार आणि चौकट एकाच पातळीत आहेत की एक पुढे आहे, तेही बाजूने बघून लिहा. पातळीत फरक असेल तर सरळ पट्टी कोयंड्यावर तिरकी बसते आणि कुलूप अडकतं.

दाराच्या जाडीत बसणाऱ्या खटक्याची ओळख दाराच्या कडेवर असते. मुठीचा फोटो कितीही सुंदर आला तरी त्यातून आतला खटका कळत नाही. दार उघडून कडेची पट्टी समोरून टिपा, आणि दाराच्या कडेपासून मुठीच्या दांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ते चुकलं तर मूठ जुन्या भोकावर येतच नाही.

आता कप बिजागरी.

दुसरी पायरी: तीन फोटो, प्रत्येक वेगळ्या कामाचा

पहिला फोटो दाराच्या आतल्या बाजूचा. दार साधारण काटकोनात उघडा आणि कॅमेरा दाराच्या पृष्ठभागाला अगदी समोर धरा. त्यात कप, त्याच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू आणि दाराची कड एकत्र दिसली पाहिजे. या फोटोतून मापं काढायची आहेत, म्हणून ओळखीच्या मापाची एखादी वस्तू दारावर चिकटवून ठेवा. पट्टी उत्तम. ती नसेल तर बँकेचं कार्ड चालतं, कारण जगभर त्याचा आकार एकच ठरलेला आहे: 85.6 मिमी लांब, सुमारे 54 मिमी रुंद. कार्ड मुदत संपलेलं घ्या आणि तरीही आकडे झाका. फोटो एकदा पाठवला की कुठे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

कार्ड किंवा पट्टी दाराच्या पृष्ठभागाला टेकलेली हवी, आणि इथेच बहुतेकांचं माप बिघडतं. बिजागरीचा हात दारापासून थोडा वर उचललेला असतो आणि पट्टी सहज त्याच्यावरच टेकवली जाते. समजा पट्टी दारापासून 12 मिमी पुढे आली आणि फोन दारापासून 20 सेंटीमीटरवर आहे. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे पट्टीवरचा मिलिमीटर फोटोत सहा टक्क्यांनी फुगतो. खरं अंतर 48 मिमी असेल तर फोटोत ते 45 वाचलं जातं. आणि कप बिजागरीत 45 आणि 48 ही दोन्ही खरोखर विकली जाणारी वेगवेगळी मापं आहेत! चूक होते आणि आकडा इतका बरोबर दिसतो की संशयही येत नाही. त्यासाठी पट्टी दारालाच चिकटवा, फोन मीटरभर मागे न्या आणि झूम करा. मीटरभर अंतरावरून तीच चूक अर्ध्या मिलिमीटरवर येते. बिजागरी चौकटीच्या मधोमध ठेवा, कारण फोनची भिंग कडेच्या गोष्टी ताणते.

दुसरा फोटो बिजागरीच्या हाताचा, बाजूने. दार उघडंच ठेवा आणि उभ्या फळीला नजर समांतर ठेवून वरून खाली किंवा खालून वर बघा, म्हणजे खीळ ज्या दिशेला उभी असते त्या दिशेने. वरच्या बिजागरीला छताची फळी आड येत असेल तर खालून वर काढा. या फोटोत मापाची गरज नाही. हात सरळ आहे की वाकडा एवढंच त्यातून बघायचं आहे.

तिसरा फोटो बंद दाराचा, समोरून. त्यात दाराची कड उभ्या फळीला किती झाकते ते दिसतं. लोकांना हा फोटो निरुपयोगी वाटतो, कारण त्यात बिजागरी नसतेच. माझ्या मते तीनपैकी सर्वांत मोलाचा हाच.

तिसरी पायरी: हाताचा वाक

कप बिजागरीचं खरं नाव तिच्या हातात असतं. दार फळीला किती झाकणार हे हाताच्या वाकावर ठरतं, आणि म्हणून तीन प्रकार होतात.

दार बाजूच्या फळीच्या पुढे येऊन तिची जवळजवळ पूर्ण जाडी झाकत असेल तर ते फुल ओव्हरले. हात फळीला लागून सरळ जातो. हिला शून्य क्रँकची किंवा सरळ हाताची म्हणतात.

दोन दारं एकाच मधल्या उभ्या फळीवर भेटत असतील तर प्रत्येकाला फळीची निम्मीच जाडी मिळते. दार थोडं आतल्या बाजूला सरकावं लागतं, म्हणून हात फळीपासून थोडा दूर वळवलेला असतो. वाक साधारण 8 ते 9 मिमीचा. हे हाफ ओव्हरले.

दार दोन फळ्यांच्या आत, त्यांच्या कडांना समपातळीत बसत असेल आणि फळीच्या कडा बंद दाराच्या बाजूने पूर्ण उघड्या दिसत असतील, तर ते इनसेट. दार पूर्णपणे आत ढकलायचं असल्याने हात सर्वांत जास्त वळलेला, साधारण 16 ते 18 मिमी. हा हात उंटाच्या मानेसारखा दिसतो आणि एकदा पाहिला की विसरत नाही.

सरळ आणि हाफ यांच्यात मात्र फोटो फसवतो. कॅमेरा जरा तिरका असला तर सरळ हातही वाकलेला दिसतो. त्यावर उपाय असा की दुसऱ्या फोटोच्या वेळी हाताच्या मागच्या टोकाला, जिथे तो पायावर बसतो तिथे, एक पट्टी फळीला समांतर टेकवा. हात पुढे जाताना पट्टीपासून फळीच्या विरुद्ध दिशेला सुटत गेला तर वाक आहे, पट्टीला धरून राहिला तर नाही. तरी शंका राहिली तर तिसरा फोटो बघा. बंद दार फळीचं किती झाकतं हे बिजागरीला विचारावंच लागत नाही.

एका प्रकाराकडे लक्ष ठेवा. हात एका तुकड्याचा नसून नागमोडी, अनेक सांध्यांचा असेल तर ती दार 165 अंशांपर्यंत उघडणारी बिजागरी आहे. कोपऱ्यातल्या कपाटांना किंवा आत ड्रॉवर असलेल्या दारांना ती लावतात. तिच्या जागी नेहमीची 110 अंशांची लावली तर दार बंद होतं, उघडतंही, पण आतला ड्रॉवर बाहेर काढताना दाराला घासतो.

चौथी पायरी: कपाची मापं

हाताचा वाक कळला की उरतात दारात आधीच पाडलेल्या भोकांची मापं. नवी बिजागरी जुन्याच खड्ड्यात बसायला हवी.

कपाचा व्यास बहुतेक वेळा 35 मिमी असतो. लहान, अरुंद दारांसाठी 26 मिमीचा येतो आणि जाड दारांसाठी 40 मिमीचा. फोटोत कप नेहमीपेक्षा चिमुकला वाटला तर तिथे थांबून मोजा.

नंतर दोन्ही स्क्रूंमधलं अंतर, आणि त्या दोघांना जोडणारी रेषा कपाच्या मध्यापासून किती मागे आहे ते. ही दोन मापं नेहमी जोडीने येतात. 45 मिमी अंतर आणि 9.5 मिमी मागे ही एक जोडी; 48 आणि 6 ही दुसरी; 52 आणि 5.5 ही तिसरी. इथे जोडीचा फायदा होतो. फोटोत 45 आणि 48 यांत गोंधळ झाला तरी मागचं अंतर 9.5 आहे की 6 हे सहज वेगळं कळतं, कारण ते जवळजवळ दुप्पट-निमपट आहे. दोन्ही मापं एकाच जोडीत बसत नसतील तर फोटो पुन्हा काढा.

शेवटचं माप कपाच्या कडेपासून दाराच्या कडेपर्यंतचं. ते 3 ते 6 मिमीच्या आसपास असतं. ते जितकं जास्त, तितकंच दार फळीवर जास्त चढतं: एक मिलिमीटरला एक मिलिमीटर. खड्डा आधीच पाडलेला असल्याने हे माप तुम्हाला बदलता येत नाही, फक्त लिहून ठेवायचं असतं.

पाचवी पायरी: पाया

उभ्या फळीवर जो तुकडा स्क्रूने बसलेला असतो त्याला पाया किंवा बेस प्लेट म्हणू. बिजागरीचा हात त्यावर येऊन बसतो, एकतर टचकन् क्लिप होऊन किंवा मागून सरकवून स्क्रूने आवळून. एकाच्या पायावर दुसऱ्याचा हात बसत नाही. एकाच पद्धतीचे पण वेगवेगळ्या उत्पादकांचे पायेही सहसा एकमेकांना जुळत नाहीत. म्हणून माझा साधा नियम असा: हात तुटला तरी नवी बिजागरी पायासकटच घ्यायची.

पायाचे दोन स्क्रू एकमेकांपासून 32 मिमीवर असतात आणि फळीच्या पुढच्या कडेपासून 37 मिमी आत असतात. बनवून आणलेल्या बहुतेक कपाटांत हेच माप सापडतं, त्यामुळे नवा पाया जुन्याच भोकांवर येतो. इनसेट दार असेल तर त्या 37 मध्ये दाराची जाडी मिळवावी लागते. मोजल्यावर 37 ऐवजी काही भलतंच आलं तर ती भोकं सुताराने हाताने पाडली असतील, आणि नव्या पायासाठी नवी भोकं पाडण्याची तयारी ठेवा.

पायाची उंची मात्र लोक हटकून विसरतात. पायावर 0, 2 किंवा 4 असा बारीक आकडा कोरलेला असतो. पायऱ्या उत्पादकागणिक वेगळ्या असतात. उंच पाया हाताला फळीपासून दूर ढकलतो, म्हणून पाया जितका उंच तितकं दार फळीवरून मागे सरकतं. हाताचा वाक बरोबर, कप बरोबर, तरी दार 2 मिमी चुकीचं बसलं तर संशय पायावर घ्या. आकडा झिजून दिसत नसेल तर बाजूने टॉर्च मारा किंवा त्यावर खडूची भुकटी घासून पुसा. खोलगट अक्षरांत खडू राहतो. उत्पादकाचं नाव आणि उघडण्याचा कोन हेही कधी कपाच्या तळाशी, कधी हाताच्या पोटाला अशाच अक्षरांत सापडतात.

आता मावसबहिणीचं कपाट

तिला मी हेच तीन फोटो मागितले. कपाट तीन दारांचं, आत दोन कप्पे. डाव्या कप्प्याला दोन दारं, उजव्याला एक. तुटलेली बिजागरी मधल्या दाराची होती आणि ते दार मधल्या उभ्या फळीवर टांगलेलं. तिने पहिल्यांदा बिजागरी आणताना नमुन्याला डाव्या टोकाच्या दाराची बिजागरी दाखवली होती, कारण ती शाबूत होती. “एकाच कपाटातली आहे, सारखीच असणार ना?” तिचं म्हणणं चुकीचं वाटत नाही, पण तिथेच घात झाला.

बंद दाराच्या फोटोत मधल्या फळीवर दोन दारं भेटताना दिसत होती: मधलं दार आणि उजवीकडच्या दाराची मोकळी कड. फळी 18 मिमी जाड, दोन दारांत 3 मिमीची फट. उरले 15, म्हणजे प्रत्येक दाराने साडेसात मिमी झाकायचे. हे हाफ ओव्हरले झालं. डाव्या टोकाला मात्र दार एकटंच, ते बाहेरची फळी जवळपास पूर्ण झाकत होतं, म्हणजे फुल ओव्हरले. तिने आणलेली सरळ हाताची बिजागरी मधल्या दाराला साडेसातऐवजी सुमारे 16 मिमी पुढे नेत होती. आठेक मिमीची ही चूक ॲडजस्ट करायच्या स्क्रूने भरून निघत नाही. त्याची पोच दोन्ही बाजूंना साधारण दोनच मिलिमीटर असते. ती मात्र तासभर तो स्क्रू पिळत बसली होती.

पुढे आतल्या बाजूचा फोटो मोजला. फोन मीटरभर मागे, कार्ड दाराला चिकटवलेलं. कार्डाची लांबी फोटोत 642 पिक्सेल आली. 642 भागिले 85.6 म्हणजे एका मिलिमीटरला साडेसात पिक्सेल. कपाचा व्यास 263 पिक्सेल, म्हणजे 35 मिमी. स्क्रूंमधलं अंतर 338 पिक्सेल, म्हणजे 45 मिमी. स्क्रूंची रेषा कपाच्या मध्यापासून 71 पिक्सेल मागे, म्हणजे साडेनऊ मिमी. 45 आणि 9.5 ही जोडी जुळली, तेव्हा माप विश्वासाचं ठरलं. कपाच्या कडेपासून दाराची कड 38 पिक्सेल, म्हणजे 5 मिमी.

फोटोत बोटाने पिक्सेल मोजणं ज्यांना जमत नाही त्यांनी फोटो कागदावर छापून पट्टीने मोजला तरी गुणोत्तर तेच राहतं. कार्ड किती सेंटीमीटर आलं आणि कप किती आला, एवढ्या दोन आकड्यांवर त्रैराशिक.

बाजूच्या फोटोत हाताला हलका वाक दिसला, पट्टी लावल्यावर स्पष्ट झाला. पाया क्लिपचा, त्यावर खडू घासल्यावर 0 उमटला. पायाचे स्क्रू 32 अंतरावर, कडेपासून 37. सॉफ्ट क्लोजचा दट्ट्या नव्हता. एवढं हातात आल्यावर मागणी एका वाक्यात झाली: “कप बिजागरी, हाफ ओव्हरले, कप 35 मिमी, स्क्रू 45/9.5, उघडण्याचा कोन 110, क्लिप पद्धतीची, 0 उंचीच्या पायासकट, सॉफ्ट क्लोज नको, दोन नग.” खाली तीन फोटो. दोन नग यासाठी, की त्याच दाराची दुसरी बिजागरीही तितकीच जुनी होती, आणि एका दारावर दोन वेगळ्या ताकदीच्या स्प्रिंग असल्या तर दार थोडं पिळतं.

मागण्याआधी एक तपासणी

तुटलेली म्हणून सांगितलेल्या बिजागऱ्यांपैकी बऱ्याच तुटलेल्या नसतातच. दार लोंबतं, कप दारातून सुटून येतो, आणि दोष बिजागरीवर जातो. बिजागरीचा हात हलवून बघा: खिळीचे सांधे खुळखुळत असतील, स्प्रिंग दार ओढत नसेल किंवा पत्रा चिरला असेल तर बिजागरी गेली. पण सगळं घट्ट आहे आणि स्क्रू मात्र बोटाने फिरतो, भोकातून भुसा पडतो, तर गेली आहे ती फळी. भुशाच्या फळीत हे फार होतं. नवी बिजागरी त्याच भोकात आठवडाभर टिकेल. आधी भोक मोठं करून लाकडी खुंटी डिंकाने ठोका, एक रात्र सुकू द्या आणि तिच्यात नवं बारीक भोक पाडून स्क्रू घ्या. दाराच्या पाठीला पुरेशी जागा असेल तर कपाला मोकळी जागा सोडलेली रुंद दुरुस्ती-पट्टी मिळते, तीही चालते.

नवी बिजागरी आल्यावर

जुनी काढण्याआधी नवी तिच्या शेजारी धरा. हाताचा वाक सारखा आहे ना, स्क्रूची भोकं एकावर एक येतात ना, हे डोळ्यांनीच कळतं, आणि परत करायची झाली तर अजून एकही स्क्रू लागलेला नसतो. एका दाराची एकावेळी एकच बिजागरी बदला, दुसरी दार धरून ठेवते. दोन्ही एकदम काढल्या तर दाराचं सगळं वजन एका माणसाच्या हातावर येतं.

दार लटकवल्यावर पुढचा स्क्रू दाराला डावीकडे-उजवीकडे सरकवतो आणि मागचा आत-बाहेर. आधी मागचा लावून दार फळीला समांतर करा, मग पुढच्याने दोन दारांतली फट वरपासून खालपर्यंत सारखी करा. मावसबहिणीच्या दाराला पुढच्या स्क्रूचे दीड फेरे लागले. फट वर 3 आणि खाली 4 मिमी राहिली. जुनं कपाट जमिनीवरच थोडं कललेलं होतं, त्याला बिजागरीचा इलाज नव्हता. कपाटाच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि तो फरकही गेला.